पांढरी वाळू वितळून आरपार काच होते, मग थिजल्यावर पुन्हा पांढरी का होत नाही?

ओंकार_वा

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातवीत आहे. काच वाळूपासून बनते हे तिने पुस्तकात वाचलं आणि टेबलावरच्या काचेवर चिमूटभर वाळू टाकून मला विचारलं, "बाबा, ही वाळू आणि ही काच एकच असेल, तर काचेतून पलीकडचं दिसतं आणि वाळूतून का नाही?" मी म्हटलं, वितळवल्यामुळे. त्यावर ती म्हणाली, "मेण वितळल्यावर आरपार दिसतं, पण थिजलं की परत पांढरं होतं. मग काच थिजल्यावर पांढरी का होत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. वितळणं समजतं, पण थिजल्यावरही पारदर्शक राहणं हे कसं, ते कुणी सांगेल का? फार गणित नको, पण खरं कारण हवं.

मुकुंद_जोगदंड

सोपं आहे. काच थिजतच नाही. काच हा मुळात द्रवपदार्थ आहे, फक्त इतका दाट की आपल्याला घन वाटतो. द्रव पारदर्शक असतात म्हणून काचही पारदर्शक. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड झालेल्या आढळतात, कारण शेकडो वर्षांत काच ओघळली. काचेत अणू अस्ताव्यस्त असल्याने मध्ये मोकळ्या फटी राहतात आणि त्यातून प्रकाश निघून जातो.

शैलजा_म

ओंकार, काच पारदर्शक राहण्यासाठी ती ओल्या जागी ठेवू नका. आमच्याकडे न्हाणीघराच्या दाराची काच दोन वर्षांत धुरकट झाली. व्हिनेगरने पुसली की थोडी सुधारते. सुरुवातीपासून रोज कोरडी पुसली असती तर राहिली असती.

ओंकार_वा

शैलजाताई, धन्यवाद, पण प्रश्न स्वच्छतेचा नव्हता. काच तयार होताना आरपार का राहते, असं विचारायचं होतं.

प्राची_के

मुकुंदजी, तुमच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर आहे: काचेतली अणूंची मांडणी द्रवासारखीच अस्ताव्यस्त असते. पण प्रकाश फटींतून जातो हे खरं नाही. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंमधलं अंतर ०.१६ नॅनोमीटर. म्हणजे एका तरंगाच्या लांबीत ओळीने हजारो अणू मावतात. इतक्या बारीक फटी प्रकाशाच्या लेखी नसल्यातच जमा.

शिवाय स्फटिकाच्या खड्याकडे बघा. तोही सिलिकाच. त्यात अणू अगदी शिस्तीत रचलेले असतात, तरीही तो काचेइतकाच आरपार असतो. म्हणजे अस्ताव्यस्तपणामुळे पारदर्शकता येते हे म्हणणंच टिकत नाही.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, प्रकाश मध्येच शोषला का जात नाही? दुसरा, तो वाटेत विखुरला का जात नाही? तुमच्या मुलीने विचारलेला मेणाचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि तोच जास्त अवघड आहे.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देते. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारायला ठरावीक ऊर्जा लागते. सिलिकात ही उडी जवळजवळ ९ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे. दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात जास्तीत जास्त ३ च्या आसपास ऊर्जा असते. अर्धी उडी मारता येत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन तो प्रकाश घेऊच शकत नाही आणि प्रकाश पुढे जातो. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात, त्यांना असं बंधन नाही, म्हणून धातू अपारदर्शक. हेच काच उष्णतेच्या लांब तरंगांना मात्र अडवते, कारण ते तरंग अणूंच्या कंपनाशी जुळतात. खिडकीआडच्या माणसाला उष्णता टिपणारा कॅमेरा पाहू शकत नाही तो यामुळे.

पण हे सगळं वाळूलाही लागू आहे. वाळूचा एकेक कणही मुळात पारदर्शकच असतो.

ओंकार_वा

मग ढीग पांढरा का?

प्राची_के

पृष्ठभागांमुळे. हवेतून काचेत शिरताना साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो, आणि काचेतून बाहेर पडताना पुन्हा तितकाच. खिडकीला दोनच पृष्ठभाग, म्हणून ८ टक्के गेले तरी चालून जातं. वाळूच्या चिमटीत मात्र प्रकाशाला शेकडो कणांतून आत-बाहेर करावं लागतं, आणि प्रत्येक कण त्याला थोडा वाकवून वेगळ्या दिशेला पाठवतो. बाकी काही न शोषता सगळे रंग सारखेच विखुरले गेले की डोळ्याला पांढरं दिसतं. खिडकीची काच कुटली तरी पांढरी भुकटीच होते, वितळवलेली असूनही.

मुलीला एक करून दाखवा. स्वच्छ काचेचा चुरा किंवा फिकट वाळू एका बशीत घ्या आणि वर ग्लिसरीन ओता. ग्लिसरीनमध्ये प्रकाश जवळजवळ काचेइतकाच वाकतो, त्यामुळे कणांच्या कडा दिसेनाशा होतात आणि ढिगातून तळाचं अक्षर वाचता येऊ लागतं. पाण्यानेही थोडं होतं. ओली वाळू गडद दिसते त्यामागे हेच आहे.

म्हणजे वितळवण्याचं पहिलं काम इतकंच, की कणांमधले सगळे पृष्ठभाग पुसून टाकायचे.

भट्टीकर

बरेच दिवस नुसता वाचक होतो, या धाग्यावर लिहावंसं वाटलं. बाटल्यांच्या काचेच्या भट्टीवर माझी २६ वर्षं गेली. प्राचीताईंनी प्रकाशाचं चांगलं सांगितलं, मी भट्टीच्या बाजूने सांगतो.

पृष्ठभाग पुसायचे म्हटलं तर ते सोपं नाही. नुसती शुद्ध वाळू १७०० अंशांच्या वर वितळते, आणि वितळली तरी इतकी चिकट असते की हवेचे बुडबुडे तिच्यातून वर येतच नाहीत. म्हणून वाळूत सोडा ॲश घालतात. सोड्यामुळे सिलिकाचं जाळं जागोजागी तुटतं आणि १००० अंशांच्या खालीच वितळायला सुरुवात होते. पण वाळू आणि सोडा इतकंच घेतलं तर तयार झालेली काच पाण्यात विरघळते. म्हणून तिसरी चुनखडी. चुन्यामुळे ती पाण्याला टिकते.

शैलजाताई, तुमची काच इथे येते. दारावर बऱ्याचदा जड पाण्याचे क्षार बसतात, ते व्हिनेगरने निघतात. पण पाणी दिवसेंदिवस चिकटून राहिलं तर ते काचेच्या वरच्या थरातला सोडा ओढून काढतं आणि पृष्ठभाग कायमचा खरखरीत होतो. तो डाग पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. गोदामात काचेच्या थप्प्या ओल्या राहिल्या तरी असंच होतं, म्हणून दोन काचांमध्ये कागद किंवा भुकटी घालतात.

आता बुडबुडे. १०० किलो साधी काच करायची असं समजू: ७४ भाग सिलिका, १६ भाग सोडियम ऑक्साईड, १० भाग कॅल्शियम ऑक्साईड. त्यासाठी ७४ किलो वाळू, सव्वासत्तावीस किलोच्या थोडी वर सोडा ॲश आणि जवळजवळ १८ किलो चुनखडी लागते. बेरीज ११९ किलो. वरचे १९ किलो कार्बन डायऑक्साईड होऊन उडून जातात. १०० किलो काचेचं आकारमान ४० लिटर. त्या ४० लिटरमधून बाहेर पडणारा वायू १४०० अंशांवर मोजला तर ६० हजार लिटर भरतो. भट्टीत खरोखर फेस येतो.

त्यातला बहुतेक वायू लगेच निघून जातो. मागे राहतात ते बारीक बुडबुडे, आम्ही त्यांना सीड म्हणतो. बुडबुडा अर्ध्या व्यासाचा झाला की वर येण्याचा वेग चौथाई होतो, त्यामुळे बारीक बुडबुडे दिवसभर थांबलं तरी वर येत नाहीत. यावर उपाय थोडा विचित्र वाटेल: आणखी वायू सोडायचा. बॅचमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या कच्च्या मिश्रणात, थोडं सोडियम सल्फेट घालतात. ते साधारण १४५० अंशांच्या आसपास फुटतं, त्याचा वायू त्या बारीक बुडबुड्यांत शिरतो, बुडबुडे फुगतात आणि भराभर वर येतात. जे राहतात ते थंड होताना काचेतच विरघळून जातात.

ही झाली वितळण्याची बाजू. पण मुलीचा प्रश्न थिजण्याचा आहे आणि खरी परीक्षा तिथेच असते. मेण थिजताना त्याचे बारीक बारीक स्फटिक तयार होतात. प्रत्येक स्फटिकाची दिशा वेगळी, मध्ये फटी, म्हणजे पुन्हा वाळूचा ढीगच. काच पारदर्शक राहते कारण तिला स्फटिक करायला वेळ मिळत नाही. वेळ मिळाला तर काचही पांढरी होते. हे मी स्वतः पाहिलंय.

मुकुंद_जोगदंड

म्हणजे थिजली तरी द्रवासारखीच राहिली. मी तेच म्हणत होतो.

भट्टीकर

मांडणीच्या दृष्टीने हो, पण ओघळण्याच्या दृष्टीने नाही. खिडकीची काच नेहमीच्या तापमानाला ओघळायला विश्वाच्या वयापेक्षाही प्रचंड जास्त काळ लागेल, हे १९९८ मध्ये झानोट्टो या ब्राझीलच्या संशोधकाने हिशेब करून दाखवलं आहे. जुन्या काचा जाड-पातळ आहेत कारण फुंकून, गोल फिरवून पत्रा करायची पद्धतच तशी होती. एका बाजूला जाडी जास्त यायची आणि बसवणारा बरेचदा जड कड खाली ठेवायचा.

प्राची_के

यात एक भर घालते. काच गोठते म्हणजे नक्की काय होतं, याचं सर्वमान्य उत्तर भौतिकशास्त्राकडे अजून नाही. फिलिप अँडरसन या नोबेल विजेत्याने १९९५ मध्ये हा घनपदार्थांच्या सिद्धांतातला बहुधा सर्वांत खोल न सुटलेला प्रश्न असल्याचं लिहिलं होतं. त्यामुळे मुकुंदजी, द्रव की घन या वादात तुम्ही एकटे नाही आहात, फक्त चर्चच्या खिडक्यांचा पुरावा सोडून द्यावा लागेल.

रेवा

भट्टीकरकाका, तुम्ही "काचही पांढरी होते" लिहिलंत आणि मी दचकलेच. माझ्याबरोबर नुकतंच हेच झालंय. मी छंद म्हणून छोट्या इलेक्ट्रिक भट्टीत बाटल्या वितळवून चपट्या करते. मागच्या आठवड्यात एक साधी बिनरंगी बाटली आडवी ठेवली. ८०० अंशांपर्यंत हळूहळू नेली, तिथे ४५ मिनिटं थांबवली, मग भट्टी बंद करून झाकण न उघडता रात्रभर सोडली. सकाळी बघते तर वरचा भाग दुधट. जणू कुणी बारीक पॉलिश पेपर फिरवलाय. मला वाटलं भट्टीच्या फळीला लावतात ती पांढरी पूड चिकटली, पण वरच्या बाजूला पूड नव्हतीच. आणखी एक: जिथे लेबल होतं तिथे चौकोन स्पष्ट उमटलाय, त्यात पांढरेपणा सर्वांत जास्त.

भट्टीकर

रेवा, तो चौकोन बरंच सांगून जातो. तुझ्या काचेवर स्फटिकांची साय धरली आहे. भट्टीकाम करणारे याला डेव्हिट म्हणतात.

कारण समजून घे. स्फटिक वाढायला दोन गोष्टी लागतात: वाढण्याची ओढ आणि हालचालीला मोकळीक. तुझ्या बाटलीची काच साधारण १००० अंशांच्या वर असेल तर स्फटिक टिकतच नाहीत, विरघळून जातात. ६०० च्या खाली काच इतकी घट्ट की अणूंना जागा सोडता येत नाही, ओढ कितीही असो. मधल्या पट्ट्यात, साधारण ७०० ते ९५० मध्ये, दोन्ही जुळून येतं. ९०० च्या आसपास वाढ सर्वांत वेगवान, मिनिटाला काही मायक्रॉन. ८०० ला ती बरीच मंद, पण तू ४५ मिनिटं दिलीस आणि नंतर बंद भट्टीत उतरताना आणखी वेळ मिळाला. प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रॉन. तेवढ्या आकाराचे खूप स्फटिक झाले की काच दुधट दिसणारच.

कारखान्यात बाटलीचा गोळा ११०० अंशांच्या वर असताना साच्यात पडतो आणि काही सेकंदांत हा पट्टा ओलांडून जातो. पत्र्याची काच वितळलेल्या कथिलावर तरंगत १००० च्या आसपासवरून ६०० पर्यंत काही मिनिटांत येते. ही पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. काचेला त्या पट्ट्यात रेंगाळू दिलं जात नाही.

आणि स्फटिक शून्यातून उगवत नाही, त्याला आधार लागतो. या काचेत तो आधार जवळजवळ नेहमी पृष्ठभागावर मिळतो: धूळ, बोटाचे ठसे, साबणाचा अंश, गोंद. तुझा चौकोन म्हणजे लेबलाचा गोंद, डोळ्यांना न दिसणारा.

रेवा

मी घासून धुतली होती! दिसायला स्वच्छ होती.

हा पांढरेपणा किती खोल गेलाय ते कसं कळणार? आणि आता काही करता येईल का?

प्राची_के

वरचीच ग्लिसरीनची युक्ती इथे वापरा. पांढऱ्या भागावर एक थेंब ठेवून बघा. थेंबाखाली काच स्वच्छ दिसली तर पृष्ठभाग फक्त खरखरीत झालाय, आत स्फटिक कमी आहेत. थेंबाखालीही पांढरं राहिलं तर थर जाड आहे, आतला प्रकाश आतच विखुरतोय.

भट्टीकर

बरोबर. आणि एखादा कोपरा फोडायची तयारी असेल तर फुटलेली कड भिंगातून बघ. वर पांढरी साय आणि खाली लख्ख काच अशी रेघ दिसेल.

पातळ असेल तर ओल्या पॉलिश पेपरने काढून परत भाजता येईल. कोरडं घासू नकोस, काचेची धूळ छातीला वाईट. पण त्याच काचेला दुसऱ्यांदा भाजताना डेव्हिट आणखी लवकर धरतं, हे ध्यानात ठेव. नवीन बाटली घेतलीस तर गोंद आधी तेलाने सोडव, मग तेल साबणाने, मग स्पिरिटने पुसून नंतर बोट लावू नकोस. ६०० पासून वर जाताना वेग वाढव, वरच्या तापमानाला दहा मिनिटांत काम होत असेल तर दहाच मिनिटं ठेव. नंतर झाकण थोडं उघडून ६०० च्या जवळ उतरव. तोंडावर ढाल आणि उष्णतेचे हातमोजे हवेत. तिथे झाकण लाव आणि ५५० ला तासभर थांबव, मग अगदी सावकाश खाली आण. हे थांबणं टाळू नकोस, नाहीतर ताण राहून काच नंतर तडकेल. ५५० ला डेव्हिटची भीती नाही.

अव्यक्त

एक शंका. स्फटिक म्हणजे पांढरं, तर काही पारदर्शक चुली, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीच्या काचेच्या पट्ट्या स्फटिकांनी भरलेल्या असतात असं वाचलंय. त्या आरपार कशा?

प्राची_के

छान प्रश्न. काच-सिरॅमिकमध्ये मुद्दाम स्फटिक वाढवतात, पण अत्यंत बारीक, तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढे, आणि त्यांच्यात प्रकाश वाकण्याचं प्रमाण भोवतीच्या काचेशी जवळपास जुळतं असं मिश्रण निवडतात. मग प्रकाशाला ते वेगळे जाणवतच नाहीत. म्हणजे स्फटिक आहेत की नाहीत एवढ्याने भागत नाही, ते किती मोठे आणि किती निराळे, हे महत्त्वाचं.

या पदार्थाचा शोधच चुकीतून लागला. कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी एका काचेच्या तुकड्याला ६०० अंशांवर तापवत होते. नियंत्रक बिघडून भट्टी ९०० पर्यंत गेली. काच वितळून पसरली असेल या अपेक्षेने उघडलं, तर तुकडा जागच्या जागी, पण पांढरा. चिमट्यातून निसटून फरशीवर पडला तर फुटला नाही. तो प्रसंग १९५० च्या दशकातला.

भट्टीकर

आमच्या भट्टीवर चुकीने असंच झालं होतं, पण त्यातून शोध काही लागला नाही. एका रात्री मागणी कमी म्हणून भट्टीतून काढली जाणारी काच बरीच कमी केली. पुढच्या भागाचा एक कोपरा काच न हलता पडून राहिल्याने थंड झाला. दोन दिवसांनी पुन्हा वेग वाढवला, तेव्हा त्या कोपऱ्यात धरलेले स्फटिक सुटे होऊन वाहत आले, आणि बाटल्यांत पांढरे खडे दिसू लागले. आम्ही त्याला स्टोन म्हणतो.

गोंधळ असा झाला की सगळ्यांनी बॅचवर बोट ठेवलं: वाळूचे कण मोठे आले असतील, न वितळलेले राहिले असतील. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारखेच दिसतात. मग एक खडा कापून, पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. न वितळलेला वाळूचा कण झिजलेला, गोलसर कडांचा असतो. आमचा खडा पिसासारखा फांद्या फुटलेला होता. म्हणजे तो काचेतच उगवलेला. दोष बॅचचा नव्हता, आम्ही वेग उतरवला त्याचा होता. पोलरायझरमधून बघितलं की अशा खड्याभोवती ताणाचं उजळ कडंही दिसतं, त्यावरून बाटली फुटण्याच्या जोखमीचा अंदाज येतो.

शैलजा_म

हे वाचून आज दाराच्या काचेवर ग्लिसरीनचा थेंब ठेवून बघितला. थेंबाखाली स्वच्छ दिसतंय! म्हणजे वरचाच थर खराब झालाय ना?

पण एक विचारते, काचेच्या कडेकडून बघितलं की हिरवी का दिसते? समोरून तर रंग नाही.

भट्टीकर

हो, वरचाच थर. पॉलिशवाल्याला दाखवून बघा.

हिरवा रंग लोहाचा. वाळूत लोह असतंच. साध्या काचेत साधारण ०.१ टक्का पुरेसं असतं. समोरून तुम्ही ५ मिलिमीटर काच पाहता, कडेकडून पाहताना प्रकाश हातभर लांबीतून आलेला असतो. रंग दोन्हीकडे तितकाच, लांबी वेगळी. इलेक्ट्रॉनची उडी प्राचीताईंनी सांगितली, लोहात ती फार छोटी आहे, म्हणून तो लाल टोकाचा प्रकाश शोषतो.

प्राची_के

लोह आणि तसल्या अशुद्धी किती महत्त्वाच्या आहेत ते चार्ल्स काओ यांनी ओळखलं. १९६६ मध्ये त्यांनी जॉर्ज हॉकहॅमबरोबर मांडलं, की काचेच्या धाग्यातून प्रकाश दूर जात नाही तो काचेच्या स्वभावामुळे नाही, अशुद्धींमुळे. तेव्हाच्या धाग्यात २० मीटरमध्ये ९९ टक्के प्रकाश संपायचा. आजच्या शुद्ध सिलिकाच्या धाग्यात १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा शिल्लक असतो. त्यापुढे फारसं जाता येत नाही, कारण वितळलेल्या काचेतली घनतेची अतिसूक्ष्म चढ-उतार थंड होताना तशीच गोठते आणि तेवढा प्रकाश विखुरतोच.

ओंकार_वा

मुलीने आपल्या परीने प्रयोग केला. मेण वितळवून दोन थेंब टाकले, एक सावकाश थिजू दिला आणि दुसरा बर्फाच्या पाण्यात. दोन्ही पांढरे झाले. ती म्हणते, काचेला वेळ कमी पडतो तर मेणालाही मी वेळ दिला नाही, मग मेण पारदर्शक का राहिलं नाही?

भट्टीकर

तिला सांगा, प्रयोग बरोबर आहे आणि निकालही. मेणाचे रेणू लांब पण सुटे असतात, एकमेकांवरून सहज सरकतात, त्यामुळे बर्फाच्या पाण्यातही जागेवर बसायला त्यांना पुरेसा वेळ मिळतो. वितळलेल्या काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं जाळं असतं. एका अणूला जागा बदलायची तर आधी बंध तोडावा लागतो. म्हणून काच थंड करायला घाई फार लागत नाही, मेणाला मात्र कल्पनेपलीकडची लागेल.

रेवा

चार दिवसांनी लिहिते. काका, एकाच बाटलीचे दोन तुकडे केले. एक तुमच्या पद्धतीने स्वच्छ केला, दुसऱ्यावर गोंदाचा अंश तसाच ठेवला. दोन्ही एकत्र भट्टीत, ७९० अंशांवर दहा मिनिटं, मग झाकण उघडून खाली आणलं आणि ५५० ला तासभर थांबवलं.

गोंद ठेवलेला तुकडा पांढरा पडला, पण आधीपेक्षा खूपच फिका. स्वच्छ तुकडा आरपार आहे, खालचं छापील वाचता येतं. फक्त जिथे मी काच कापली होती त्या एका कडेला दोन मिलिमीटर रुंद पांढरी रेघ आली. ग्लिसरीनखालीही ती जात नाही.

भट्टीकर

कापलेल्या कडेला बारीक तडे असतात आणि त्यात काचेची भुकटी अडकून राहते. प्रत्येक तडा म्हणजे नवा पृष्ठभाग. मला तेच वाटतं.

प्राची_के

कदाचित. पण तीच कड सर्वांत पातळ आणि उघडी असेल तर तिथून थोडा सोडा उडून जाऊन मिश्रणच बदललं असण्याची शक्यता आहे का? तसं असेल तर कितीही धुतलं तरी रेघ येईल. रेवा, पुढच्या वेळी एक कड बारीक घासून गुळगुळीत करा, दुसरी तशीच ठेवा, आणि दोन्ही एकाच तुकड्यावर असू द्या.

रेवा

शनिवारी लावते. या वेळी तीन तुकडे ठेवते, म्हणजे एकाचा निकाल योगायोग होता का तेही कळेल.